शिरांमागे लपलेली गाठ

चाकणच्या एखाद्या कारखान्यात मशीनसमोर आठ तास उभा राहणारा २६ वर्षांचा मुलगा डोळ्यांसमोर आणा. चार महिन्यांपासून संध्याकाळ झाली की त्याला अंडकोशात डाव्या बाजूला ओढल्यासारखं जड वाटतं. रात्री आडवं झालं की बरं वाटतं. दुखत नाही, म्हणून आणि लाजेपोटीही, तो कुणाला सांगत नाही. शेवटी डॉक्टर सोनोग्राफी लिहून देतात.

अशा तक्रारीमागे बहुतेक वेळा फुगलेल्या शिरा निघतात. डॉक्टर त्याला व्हेरिकोसील म्हणतात. साधारण शंभरातल्या पंधरा पुरुषांना हे असतं आणि बहुतेकदा डावीकडेच. उजव्या वृषणाची शीर थेट पोटातल्या मोठ्या शिरेला तिरकी मिळते. डावीची वाट मात्र लांब असते आणि ती मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात जाऊन मिळते. आतल्या झडपा नीट मिटल्या नाहीत, की उभं असताना रक्त खाली उतरून साचतं. आडवं झाल्यावर ते ओसरतं, म्हणून जडपणाही ओसरतो.

तपासणीत दुखण्यासारखं काही नसतं. अंडकोशाखाली टॉवेलची घडी ठेवतात, जेल लावतात आणि प्रोब हलकेच फिरवतात. पडद्यावर वृषण एकसारखं करड्या रंगाचं दिसतं. शिरा त्याच्या बाहेर, वरच्या आणि मागच्या बाजूला, काळ्या वळणदार नळ्यांसारख्या दिसतात. मग रेडिओलॉजिस्ट मुलाला उभं करून सांगतात, "श्वास रोखा आणि संडासला जोर करतो तसा जोर करा." नळ्या आणखी रुंदावतात, आणि डॉप्लर चालू असेल तर त्यांच्यात उलट्या दिशेने वाहणाऱ्या रक्ताचा रंग भरतो. रुंदी ३ मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्त आणि जोर देताच उलटा प्रवाह, एवढ्यावर निदान होतं. आपल्या मुलाच्या शिरा ३.४ मिलिमीटर भरल्या.

माझ्या मते खरा धोका इथेच आहे. तक्रारीचं कारण सापडलं, की बघणाऱ्याचा हात सैल पडतो. शिरा इतक्या जणांना असतात, की त्या दिसल्या म्हणजे दुसरं काही नाही, असं मुळीच नाही. म्हणून चांगला रेडिओलॉजिस्ट आधी दोन्ही वृषणं उभी-आडवी, या टोकापासून त्या टोकापर्यंत बघतो आणि मग शिरांकडे वळतो.

या मुलाच्या डाव्या वृषणात, खालच्या टोकाकडे, ११ मिलिमीटरचा एक काळपट ठिपका दिसला. तो शिरांसारखा बाहेर नव्हता, वृषणाच्या आत होता. शीर असती तर जोर दिल्यावर रुंदावली असती. हा तसाच राहिला. पाण्याची पुळी असती तर पूर्ण काळी दिसली असती आणि तिच्या मागचा भाग उजळला असता. हा भरीव होता, आणि डॉप्लरचा वेग अगदी कमी ठेवल्यावर त्याच्या आत बारीक रक्तप्रवाहही दिसला. वेगाची मर्यादा जास्त ठेवली, तर असा मंद प्रवाह निसटतो.

वृषणाबाहेरच्या गाठी बहुतेक निरुपद्रवी असतात. आतली भरीव गाठ मात्र, तसं नाही हे सिद्ध होईपर्यंत, कर्करोगाचीच धरतात. मार लागल्यावर साचलेलं रक्त किंवा संसर्गही तशी छाया दाखवू शकतो, म्हणून मार, ताप, दुखणं यांची विचारपूस होते. या मुलाला त्यातलं काहीच नव्हतं.

पुढे रक्तात एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच तपासतात. एएफपी नॉर्मल आलं, बीटा एचसीजी किंचित वाढलेलं. हे आकडे नॉर्मल असले तरी गाठ निर्धास्त ठरत नाही. आणि इथे अंडकोशातून सुई घालून तुकडा काढत नाहीत. वृषणाच्या लसीकावाहिन्या पोटाच्या मागच्या ग्रंथींकडे जातात, अंडकोशाच्या त्वचेच्या जांघेकडे. सुईने पेशी त्वचेत पसरल्या तर रोगाला नवी वाट मिळू शकते. म्हणून जांघेत छेद देऊन, वृषण त्याच्या दोरीसह, वरूनच काढतात. त्याआधी शुक्राणू गोठवून ठेवायचे का, हे विचारायला हवं. हा प्रश्न घाईत राहून जातो.

तपासणीत गाठ सेमिनोमा निघाली. ती लवकर सापडली तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात. पोट आणि छातीचं सीटी स्कॅन स्वच्छ आलं, त्यामुळे केमोथेरपीची गरज न पडता त्याला फक्त देखरेखीखाली ठेवता आलं. दोरीबरोबर फुगलेल्या शिराही निघून गेल्या.

गाठ नसती, फक्त शिरा असत्या, तर कदाचित काहीच करावं लागलं नसतं. ऑपरेशन सुचवतात ते जडपणा असह्य असेल, वृषण आक्रसत असेल, किंवा मूल होत नसून वीर्यतपासणी बिघडलेली असेल तेव्हा. एकट्या उजव्या बाजूला शिरा फुगल्या, किंवा आडवं झाल्यावरही त्या ओसरल्या नाहीत, तर मात्र पोटाची सोनोग्राफीही करून घेतात. मूत्रपिंडाजवळची गाठ शिरेवर दाब देत असू शकते.