पोटभाडेकरू आढळला, तर नोटीस कशी द्यावी?

समजा, पुण्यात कोथरूडला तुमचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. बावीस महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार रीतसर नोंदवून तो एका नोकरदाराला दिला आहे. भाडे दरमहा पाच तारखेला खात्यात जमा होते. एके दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी फोन करतात, "तुमच्याकडे ही दोन नवी मुलं कोण राहतात?" चौकशी केल्यावर कळते की करार ज्याच्याशी केला तो बदली होऊन हैदराबादला गेला आहे आणि त्या मुलांकडून तो स्वतः भाडे घेतो आहे.

अशा वेळी तडक कुलूप बदलावेसे वाटते. ते मुळीच करू नका. ताब्यात असलेल्या माणसाला कायद्याचा मार्ग सोडून बाहेर काढले, तर तो सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागायला कोर्टात जाऊ शकतो. मग दोष भाडेकरूचा असूनही बचाव तुम्हाला करावा लागतो.

आधी हे खरोखर पोटभाडे आहे का, ते तपासा. गावाहून आलेला भाऊ किंवा परीक्षेसाठी महिनाभर राहिलेला भाचा पोटभाडेकरू ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये गोव्यातल्या एका दाव्यात हे स्पष्ट केले आहे: मूळ भाडेकरूने जागेवरचा स्वतःचा ताबा सोडून तो पूर्णपणे दुसऱ्याला दिला, हे घरमालकाने दाखवावे लागते. तसे दिसले की त्याबदल्यात पैसे घेतले असावेत असे न्यायालय धरून चालू शकते, आणि खुलासा करण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते. हे बरेच आहे, कारण दोघांमधला पैशाचा व्यवहार घरमालकाच्या हाती क्वचितच लागतो. म्हणून गेटच्या रजिस्टरमधल्या नोंदी, सोसायटीचे पत्र, फ्लॅटच्या पत्त्यावर नव्या माणसांच्या नावे येणारी पार्सले यांची माहिती नोटिशीच्या आधीच जमवा.

आता मुदतीचे. पोटभाडे ठेवल्याबद्दल दुरुस्तीची संधी द्यायलाच हवी, असे कायदा म्हणत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 114-अ मध्ये करारभंग सुधारायला वाजवी वेळ देण्याची तरतूद आहे, पण पोटभाड्याला मनाई करणारी अट त्यातून वगळलेली आहे. लिव्ह अँड लायसन्समध्ये तर राहण्याची परवानगी त्या माणसापुरतीच असते. तरीही मुदत द्यावी, असे माझे ठाम मत आहे. एक तर बहुतेक करारांत तसे कलम असतेच आणि ते पाळावे लागते. शिवाय बरेचसे भाडेकरू लेखी नोटीस हाती पडली की जागा मोकळी करतात, आणि कोर्टाची वर्षे वाचतात.

नोटीस फसते ती मोघम मागणीमुळे. "आपण त्वरित योग्य ती कार्यवाही करावी" यातून काय करायचे आणि कधीपर्यंत, हे कळत नाही. मागणी अशी लिहा:

"कराराच्या कलम 9 नुसार सदर जागा अन्य कोणास वापरण्यास देण्यास मनाई आहे. माझी लेखी संमती न घेता आपण ती दोन त्रयस्थ व्यक्तींच्या ताब्यात दिली आहे. ही नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत त्या व्यक्तींनी सामानासह जागा सोडावी, तसे आपण मला लेखी कळवावे व मला जागेची पाहणी करू द्यावी. तसे न झाल्यास करारातील तरतुदीनुसार परवाना रद्द करून ताब्यासाठी कारवाई करीन. या नोटिशीमुळे माझे इतर हक्क बाधित होत नाहीत."

कलमाचा क्रमांक अर्थातच तुमच्या करारातला घाला. कराराचा नोंदणी क्रमांक, फ्लॅटचा पूर्ण पत्ता आणि ही गोष्ट तुम्हाला कधी कळली ती तारीखही लिहा. नोटीस मूळ भाडेकरूच्याच नावे काढा. पोस्टाने, पोचपावतीसह, करारातल्या पत्त्यावर आणि हैदराबादचा पत्ता माहीत असेल तर तिथेही पाठवा. ईमेल जोडीला चालेल. पाकीट नाकारून परत आले तर ते न फोडता जपून ठेवा.

सगळ्यात मोठी चूक होते ती भाड्याबाबत. करारभंग कळूनही घरमालक महिनोन्‌महिने गप्प राहून भाडे घेत राहिला, तर त्याने तो भंग चालवून घेतला असा बचाव उभा राहतो. म्हणून पैसे खात्यात आले की त्याच दिवशी लिहून कळवा, की ही रक्कम हक्क राखून घेतली आहे आणि पोटभाड्याला संमती नाही. त्या मुलांकडून थेट एक रुपयाही घेऊ नका, नाहीतर तुम्हीच त्यांना भाडेकरू मानले असे ते म्हणतील.

पंधरा दिवसांनी पाहणी करून फोटो काढा. जागा मोकळी झाली असेल तर तसे लेखी मान्य करा. नसेल तर दुसरी, तिसरी नोटीस काढत बसू नका, कागद घेऊन वकिलाकडे जा. कराराची मुदत संपूनही ताबा मिळाला नाही, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि दुप्पट दराने भरपाई मागता येते. तिथे नोंदवलेला करार हाच पुरावा धरला जातो.