उल्हासनगर ते बदलापूर : फक्त १९ मुलांवरून वस्तीतील लसीकरण कसे तपासतात?

शितावरून भाताची परीक्षा, असे आपण म्हणतो. पण ती परीक्षा त्या एका पातेल्यापुरतीच असते. शेजारच्या पातेल्यातला भात कच्चा आहे की शिजला, हे त्यावरून कळत नाही. लसीकरणाच्या आकड्यांचेही तसेच आहे. शहराचा सरासरी आकडा चांगला दिसतो आणि एखाद्या मोहल्ल्यातली मुले मात्र लसीवाचून राहतात. २०२२ मध्ये गोवंडी, भिवंडी आणि मालेगावात गोवर पसरला, तेव्हा हा प्रश्न आपल्या दारापर्यंत आला होता.

अशा मागे राहिलेल्या वस्त्या शोधण्यासाठी एक पद्धत वापरतात, 'लॉट क्वालिटी अ‍ॅश्युरन्स सॅम्पलिंग'. तिचा उगम कारखान्यातला. १९२० च्या दशकात अमेरिकेतील बेल कंपनीत डॉज आणि रोमिग यांनी मालाचा प्रत्येक लॉट थोडे नग तपासून पास किंवा नापास करण्याचे नियम बसवले. आरोग्याच्या कामात 'लॉट' म्हणजे एक वस्ती किंवा एका आरोग्य केंद्राचा भाग.

१९ आणि १३ चा हिशोब

प्रत्येक भागातून एक वर्ष पूर्ण झालेली, पण दोन वर्षांच्या आतली १९ मुले निवडतात. त्यातल्या किमान १३ मुलांचे लसीकरण पूर्ण असेल तर भाग पास, १२ किंवा कमी असतील तर नापास. १३ च का? ज्या भागात खरोखर ८० टक्के मुलांना लस मिळाली आहे, तिथे १९ पैकी साधारण १५ मुले लसवाली सापडतात. नशिबाने एक-दोन कमी आली तरी १३ भरतात. जिथे निम्म्याच मुलांना लस मिळाली आहे, तिथे ९-१० सापडतात आणि १३ पर्यंत क्वचितच मजल जाते. दोन्ही बाजूंनी चुकीचा निकाल लागण्याची शक्यता दहा टक्क्यांहून कमी राहते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. उल्हासनगरच्या कॅम्पमधले दोन भाग, अंबरनाथचे दोन आणि बदलापूरचा एक, असे पाच भाग तपासले. लसवाली मुले निघाली अनुक्रमे १७, १६, १८, ११ आणि १५. एकूण ९५ पैकी ७७, म्हणजे ८१ टक्के. कागदावर सगळे ठीक! पण चौथा भाग, अंबरनाथमधला दुसरा, नापास आहे. आरोग्यसेविकेने आधी कुठे जायचे, हे ८१ या आकड्याने नाही, तर ११ या आकड्याने सांगितले. (पाचही भागांची लोकसंख्या वेगवेगळी असेल, तर सरासरी काढताना तो फरकही धरावा लागतो.)

११ म्हणजे ५८ टक्के नव्हे

इथेच गल्लत होते. १९ मुलांवरून त्या भागाची टक्केवारी सांगता येत नाही, नमुना फार लहान आहे. निकाल फक्त 'आधी इकडे लक्ष द्या' एवढाच. खरे प्रमाण ६५ टक्क्यांच्या आसपास असेल तर पास-नापास ही जवळपास नाणेफेकच ठरते. आणि पास झालेला भाग गोवरापासून सुरक्षित आहे, असेही नाही. गोवर रोखायला सुमारे ९५ टक्के मुलांना लस लागते. म्हणून पोलिओ मोहिमेनंतरच्या तपासणीत नियम जास्त कडक ठेवतात: सहा ठिकाणी दहा-दहा, अशी ६० मुले पाहतात आणि तीनपेक्षा जास्त मुले सुटलेली आढळली तर ९० टक्क्यांची कसोटी नापास.

चूक कुठे होते?

सगळा भरवसा निवडीवर आहे. १९ घरे चिठ्ठी टाकल्यासारखी, भागातल्या सगळ्या गल्ल्यांमधून यायला हवीत. तपासणारा मुख्य रस्त्यालगतचीच घरे घेऊन परतला, तर मागची चाळ सुटते. आई-वडील दोघेही कामावर गेलेले, दाराला कुलूप, म्हणून शेजारचे घर घेतले, तर नेमके तेच मूल सुटते ज्याला लसीच्या दिवशी नेणारे कोणी नव्हते. बदलापूरला नव्या बांधकामांवर आलेल्या मजुरांची कुटुंबे जुन्या यादीत नसतील, तर त्यांची चिठ्ठीच निघणार नाही. म्हणून १९ पत्ते नकाशावर मांडून पाहावेत. ते एकाच बाजूला गोळा झाले असतील तर तपासणी पुन्हा करावी. बंद घराकडे संध्याकाळी परत जावे. लसीकरणाचे कार्ड पाहिले की आईच्या सांगण्यावरून लिहिले, याची वेगळी नोंद हवी.

नापास हा शिक्का लोकांवर मारायचा नसतो. लस का मिळाली नाही, हे ही पद्धत सांगतच नाही. त्या आठ घरांत बसून विचारावे लागते: सत्राची वेळ कामाच्या वेळेत होती का, घर बदलल्यावर नाव कुणाच्या यादीत गेले, पहिल्या लसीनंतर ताप आला म्हणून पुढची राहिली का? न विचारता 'तो समाज लस घेत नाही' असे कोणी म्हणाले, तर १९ मुलांच्या कागदावर ते कुठेही लिहिलेले नसते, हे आपण सांगू शकतो.

आपल्या वस्तीत अशी तपासणी झाली, तर तीन गोष्टी विचाराव्यात: घरे कशी निवडली, कार्ड किती जणांचे पाहिले आणि नापास भागात पुढचे सत्र कधी व किती वाजता आहे.