तिकीट रद्द झालं, पैसे कुठे आहेत?

‘तिकीट रद्द करून वीस दिवस झाले, अजून पैसे आले नाहीत. मी तीन वेळा मेल केला. ताबडतोब पैसे जमा करा, नाहीतर कोर्टात जाईन.’

रेल्वेच्या तिकीट विभागाच्या मदतकक्षाकडे अशा ईमेलांची कमी नसते. लिहिणाऱ्याचा राग खरा असतो आणि पैसेही त्याच्या हक्काचेच असतात. पण मदतकक्षातल्या माणसाला हा मेल वाचून करता येण्यासारखं काहीच नसतं. कुठलं तिकीट, किती रक्कम, कोणत्या मार्गाने भरलेली, कुठल्या तारखेपर्यंत न आलेली, यातलं काहीच त्यात नाही. मग उत्तर येतं ते छापील : ‘आपला परतावा पाठवण्यात आला आहे, कृपया आपल्या बँकेशी संपर्क साधावा.’ बँकेत जावं तर तिथला कारकून म्हणतो, ‘रेल्वेकडून काही आलेलं नाही.’ माणूस या दोन खिडक्यांच्या मध्ये अडकतो. त्यातून सुटायचं तर पैसे परत कोणत्या वाटेने येतात, ते आधी कळायला हवं.

आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर आपण पैसे भरतो तेव्हा ते रेल्वेच्या हातात थेट पडत नाहीत. मध्ये पेमेंट गेटवे असतो, म्हणजे आपल्या बँकेकडून पैसे गोळा करून देणारी संस्था. परतावा याच वाटेने उलटा येतो. तिकीट रद्द झालं की आयआरसीटीसी कापायची रक्कम कापते आणि उरलेली परत करण्याचा आदेश गेटवेला देते. गेटवे असे आदेश एकत्र करून पुढे धाडतो. कार्डाने भरले असतील तर ते कार्डाच्या जाळ्यातून, यूपीआयने भरले असतील तर यूपीआयच्या यंत्रणेतून आपल्या बँकेपर्यंत पोहोचतात आणि शेवटी बँक ती रक्कम खात्यावर चढवते. म्हणजे संकेतस्थळावर ‘परतावा पाठवला’ असं दिसतं तेव्हा फक्त पहिला टप्पा झालेला असतो. मधल्या सुट्ट्या, शनिवार-रविवार धरले तर आठवडाभराचा उशीर काळजी करण्यासारखा नाही. कार्डाच्या बाबतीत थोडा जास्तही लागतो. त्यापुढे मात्र गप्प बसू नये.

मेल लिहायच्या आधी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे आपण नेमक्या किती रकमेची वाट पाहतोय. एक उदाहरण घेऊ. समजा, एका निवृत्त शिक्षकांनी १२ मार्च २०२४ च्या पुणे–नागपूर गाडीची स्लीपरची तीन कन्फर्म तिकिटं काढली होती. हिशेबाच्या सोयीसाठी भाडं १,३५० रुपये धरू. पैसे यूपीआयने भरले, म्हणून त्यावर सुविधा शुल्क १० रुपये आणि त्यावरचा कर मिळून ११ रुपये ८० पैसे लागले. खात्यातून गेले १,३६१ रुपये ८० पैसे. मुलीच्या घरचा बेत बदलला आणि ४ मार्चला त्यांनी तिकीट रद्द केलं. गाडी सुटायला ४८ तासांपेक्षा जास्त वेळ होता, त्यामुळे त्या वेळच्या नियमाप्रमाणे स्लीपरला माणशी १२० रुपये, म्हणजे ३६० रुपये कापले गेले. सुविधा शुल्क परत मिळत नाही. यायचे होते ९९० रुपये. स्टेटमेंटमध्ये १,३६१ चा आकडा शोधत बसलं तर ९९० रुपये आलेले असूनही नजरेतून सुटतील. शिवाय जमेच्या नोंदीत ‘रेल्वे’ हा शब्द असेलच असं नाही, तिथे गेटवेचं नाव असू शकतं. वातानुकूलित वर्गाला कापली जाणारी रक्कम वेगळी आणि त्यावर करही असतो. वेटिंगच्या तिकिटाचा हिशेब आणखी निराळा. नियम बदलत असतात, म्हणून तिकीट रद्द करताना पडद्यावर जो आकडा दाखवला जातो, त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवणं सगळ्यांत बरं.

दुसरी गोष्ट म्हणजे पैसे कुठल्या खात्यात यायला हवेत. नियम साधा आहे : ज्या खात्यातून किंवा कार्डावरून गेले, तिथेच परत येतात. हे वाचताना सोपं वाटतं, पण गोंधळ इथेच होतो. मोबाइलच्या अ‍ॅपला पेन्शनचं आणि बचतीचं अशी दोन खाती जोडलेली असतात आणि आपण भलत्याच पासबुकात शोधत राहतो. क्रेडिट कार्डाने भरलेले पैसे बँक खात्यात येतच नाहीत, ते कार्डाच्या बिलात जमा दिसतात. तिकीट एजंटाकडून काढलं असेल तर परतावा एजंटाच्या खात्यात जातो आणि त्याच्याकडूनच घ्यावा लागतो. आणि स्टेशनच्या खिडकीवर काढलेलं कागदी तिकीट ऑनलाइन रद्द केलं, तर त्याचे पैसे खात्यात कधीच येणार नाहीत. ते तिकीट घेऊन पुन्हा आरक्षण खिडकीवर जाऊनच मिळतात. हे माहीत नसलेली माणसं महिनोन्‌महिने मेल पाठवत राहतात, याचं वाईट वाटतं. कारण तिकीट रद्द करतानाच हे ठळक अक्षरांत सांगितलं गेलं, तर ही वणवण वाचेल. म्हणून आधी पैसे गेल्याची नोंद शोधावी. ती ज्या खात्यात सापडेल, त्याच खात्यात जमा शोधायची.

हे दोन्ही करूनही ९९० रुपये दिसत नसतील तर मग मेल लिहायचा. आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात शिरून My Transactions मध्ये परताव्याचा इतिहास पाहावा. तिथे रद्द केलेल्या तिकिटासमोर परताव्याची स्थिती आणि रक्कम दिसते. त्याच पानावरून व्यवहार क्रमांकही उतरवून घ्यावा. पीएनआर हा दहा अंकी क्रमांक तिकिटाची ओळख आहे, तर व्यवहार क्रमांक पैशांची. पैशांच्या चौकशीत दोन्ही लागतात.

आपल्या शिक्षकांचा मेल असा असायला हवा :

विषय : रद्द तिकिटाचा परतावा ९९० रुपये जमा नाही, पीएनआर (दहा अंक)

महोदय,
वरील पीएनआरचं पुणे–नागपूर तिकीट (स्लीपर, तीन प्रवासी) मी ४ मार्च २०२४ रोजी ऑनलाइन रद्द केलं. व्यवहार क्रमांक अमुक आहे. पैसे यूपीआयने भरले होते. ज्या खात्यातून गेले त्याचे शेवटचे चार अंक अमुक. संकेतस्थळावर परतावा ५ मार्चला पाठवल्याचं दिसतं. मी त्या खात्याचं २० मार्चपर्यंतचं स्टेटमेंट पाहिलं, त्यात ९९० रुपयांची जमा नाही.
कृपया या परताव्याचा बँकेकडील संदर्भ क्रमांक आणि तो पाठवल्याची तारीख कळवावी. रक्कम तुमच्याकडे परत आली असल्यास तसं कळवावं.
सोबत तिकीट रद्द केल्याची पावती आणि स्टेटमेंटचं संबंधित पान जोडलं आहे.

मराठीत जमवून मग हाच मजकूर सोप्या हिंदीत किंवा इंग्रजीत पाठवला तर उत्तर लवकर येण्याची शक्यता जास्त. सगळं सार त्या मधल्या मागणीत आहे. ‘पैसे द्या’ या मागणीला ‘पाठवले’ असं उत्तर देता येतं. ‘संदर्भ क्रमांक द्या’ म्हटलं की समोरच्याला नोंद उघडून पाहावीच लागते. यूपीआयच्या परताव्याला १२ अंकी क्रमांक असतो. कार्डाच्या परताव्याला २३ अंकी क्रमांक असतो, त्याला एआरएन म्हणतात. हा क्रमांक मिळाला तर पैसे खरोखर निघाले आहेत हे ठरतं आणि चौकशीचा मोर्चा बँकेकडे वळवता येतो. क्रमांक देता येत नसेल तर पैसे अजून निघालेलेच नाहीत किंवा गेटवेकडे अडलेत, आणि जबाबदारी रेल्वेच्या बाजूला राहते. एका क्रमांकाने दोन खिडक्यांमधला वाद मिटतो.

मेलमध्ये पूर्ण कार्ड क्रमांक, कार्डामागचे तीन अंक, ओटीपी किंवा यूपीआयचा पिन कधीही लिहू नये. परताव्यासाठी त्यांची गरजच नसते. एकाच तक्रारीसाठी रोज नवा मेल पाठवण्यापेक्षा पहिल्या मेलच्या उत्तरातच पुढचं लिहावं, म्हणजे तक्रार क्रमांक एकच राहतो आणि मागचं सगळं एका जागी सापडतं. दुसरा धोका मोठा आहे. वैतागून माणूस गूगलवर ‘रिफंड हेल्पलाइन’ शोधतो किंवा समाजमाध्यमावर पीएनआर आणि मोबाइल नंबरसकट तक्रार टाकतो. टपून बसलेले ठग मग फोन करतात : ‘तुमचा परतावा अडकलाय, एक लिंक पाठवतो, पिन टाका.’ पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच. पत्ता आणि नंबर फक्त आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावरच्या संपर्काच्या पानावरून घ्यावेत. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करावा.

आता शिक्षकांना उत्तर आलं असं धरू : परतावा ५ मार्चला निघाला, संदर्भ क्रमांक हा. ते शाखेत गेले आणि कारकुनाने पुन्हा सांगितलं, ‘आलेलं नाही.’ काउंटरवर नाव आणि रक्कम टाकून शोधलं तर असं होऊ शकतं. रक्कम बँकेच्या यंत्रणेत आली, पण खात्यावर चढली नाही, तर ती शाखेच्या पडद्यावर दिसत नाही. तोंडी विचारून उपयोग नाही. लेखी अर्ज द्यायचा, त्यात १२ अंकी क्रमांक, तारीख, ९९० रुपये आणि रेल्वेच्या मेलची छापील प्रत जोडायची, पोच घ्यायची. यूपीआयच्या व्यवहाराची तक्रार बँकेच्या किंवा यूपीआयच्या अ‍ॅपमध्येही नोंदवता येते. मग क्रमांकावरून शोध घेणाऱ्या विभागाकडे ती जाते आणि अडकलेली नोंद सापडली तर रक्कम खात्यावर चढते.

खातं मधल्या काळात बंद केलं असेल तर मात्र परतावा बँकेकडून माघारी फिरू शकतो. २०२४ च्या सुरुवातीला १२० दिवस आधी तिकीट काढता येत होतं, त्यामुळे काढणं आणि रद्द करणं यात बरेच महिने जात. नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांची झाली. अशा वेळी खातं बंद केल्याचं बँकेचं पत्र मिळवून ते मेलला जोडावं. म्हणूनच वरच्या नमुन्यात ‘रक्कम तुमच्याकडे परत आली असल्यास’ हे वाक्य आहे.

तिकीट रद्द न करता टीडीआर भरला असेल, म्हणजे गाडी तीन तासांहून जास्त उशिरा होती म्हणून किंवा तशाच कारणाने परतावा मागितला असेल, तर वरचा आठवड्याचा हिशेब लागू पडत नाही. तिथे संबंधित रेल्वे विभाग आधी खरंखोटं पडताळतो आणि त्यात महिने जातात. अशा मेलच्या विषयात ‘टीडीआर’ हा शब्द स्पष्ट लिहावा, नाहीतर तो भलत्याच टेबलावर जातो.

बँकेने लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटणारं दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनाशुल्क तक्रार करता येते. तिथे सगळ्यांत आधी विचारतात ते बँकेकडे तक्रार केल्याची तारीख आणि पुरावा. रेल्वेच्या बाजूनेच टाळाटाळ चालली असेल तर केंद्र सरकारच्या pgportal.gov.in या तक्रार पोर्टलवर नोंद करावी, किंवा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर. या तिन्ही ठिकाणी तोच मेल, त्याचं उत्तर आणि स्टेटमेंटचं तेच पान जोडायचं असतं.