ताईंचा आवाज, पण ताई बोलल्याच नाहीत

गेल्या वर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. जयंतीनिमित्त आम्ही तीन दिवसांचे ग्रंथप्रदर्शन ठेवले होते आणि त्याची अर्ध्या मिनिटाची जाहिरात करायची होती. रिक्षाच्या भोंग्यावर वाजवायची आणि व्हॉट्सॲपवरही पाठवायची. आमच्याकडे जयंती असो, धम्मपरिषद असो की वधू-वर मेळावा, सूत्रसंचालनाला एकच ताई असतात. त्यांचा आवाज ऐकला की वस्तीतली माणसे ओट्यावरून उठून मंडपाकडे निघतात. नेमका त्या वेळी ताईंचा घसा बसला होता. आमच्यातला एक तरुण म्हणाला, "ताईंची जुनी रेकॉर्डिंग्स आहेत. मोबाईलवर त्यांचा आवाज तयार करतो." ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "करा रे बाळांनो, काही हरकत नाही."

जाहिरात झाली, प्रदर्शनही झाले. महिनाभराने व्हॉट्सॲपवर एका क्लासची प्रवेशाची जाहिरात फिरू लागली. आवाज ताईंचा. "आपल्या मुलांच्या उज्ज्वल भवितव्यासाठी" वगैरे. ताईंना त्याची कल्पनाही नव्हती. आमच्या तरुणाने तयार केलेला आवाज त्याच्या खात्यात तसाच पडून होता आणि खात्याचा पासवर्ड त्याने एका मित्राला दिला होता. एका बापाने तर ताईंचा आवाज ऐकून, खात्रीचा क्लास आहे असे समजून मुलीची फी भरून टाकली होती. ताई आम्हाला एवढेच म्हणाल्या, "तुम्ही मला एका जाहिरातीसाठी विचारलं होतं. बाकीचं मी कधी दिलं?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. ही चूक आमची होती, म्हणून हा लेख.

आधी हे होते कसे ते समजून घेऊ. आजच्या सेवांना एखाद्याचा आवाज उचलायला एखाद-दोन मिनिटांचे स्वच्छ रेकॉर्डिंग पुरते, कधी त्याहूनही कमी. एकदा आवाज तयार झाला की पुढे रेकॉर्डिंग लागत नाही. मजकूर टाइप करायचा, तो त्या माणसाच्या आवाजात बाहेर पडतो. म्हणजे ताईंनी दिलेली वस्तू अर्ध्या मिनिटाची जाहिरात नव्हती. त्यांच्या नकळत त्यांनी असे एक यंत्र दिले होते, जे उद्या काहीही बोलू शकते. पूर्वी निवेदकाला स्टुडिओत बोलावले तर तो मजकूर वाचायचा, खटकले तर "हे वाक्य मी म्हणणार नाही" असे सांगायचा. इथे ती संधीच उरत नाही. म्हणून संमती फक्त आवाजाला घेऊन भागत नाही, प्रत्येक मजकुराला घ्यावी लागते.

त्यानंतर आम्ही ताईंबरोबर बसून एक पानाचा कागद केला. त्यात लिहिले की आवाज फक्त प्रदर्शनाच्या आणि जयंतीच्या जाहिरातींसाठी, मराठीतच, ३० एप्रिलपर्यंत वापरला जाईल. प्रत्येक संहिता आधी ताईंना वाचून दाखवली जाईल आणि त्यांनी होकार दिल्यावरच आवाज काढला जाईल. आवाजाचे खाते कोणाच्या नावावर आहे आणि पासवर्ड कोणाकडे आहे, त्या दोन व्यक्तींची नावे लिहिली. मुदत संपली की आवाज खात्यातून पुसायचा, मूळ रेकॉर्डिंगच्या प्रती काढून टाकायच्या आणि तो पुसल्याचा स्क्रीनशॉट ताईंना पाठवायचा. ताईंनी मध्येच "बंद करा" म्हटले तर त्याच दिवशी थांबायचे. आणि मानधन.

मानधनावर आमच्यात वाद झाला. "चळवळीच्या कामाला पैसे कसले?" असे काहीजण म्हणाले. पण ताईंचे घर सूत्रसंचालनाच्या मानधनावर चालते. त्यांचा आवाज फुकट आणि कायमचा आपल्या मोबाईलमध्ये असेल, तर पुढच्या कार्यक्रमाला त्यांना बोलावणार कोण? शेवटी ठरले की प्रत्येक जाहिरातीला त्या स्वतः रेकॉर्डिंगसाठी आल्या असत्या तर जेवढे दिले असते तेवढेच द्यायचे. दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. आपल्यातला माणूस आपल्याच माणसाला फोनवर "नाही" म्हणत नाही. म्हणून विचारणारा आणि जाहिरात करणारा एकच नसावा, आणि कागद घरी नेऊन दोन दिवसांनी सही करायला द्यावा, असे आम्हाला वाटते.

कायद्याची बाजू पूर्ण मोकळी नाही, पण रिकामीही नाही. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांना अंतरिम दिलासा दिला. परवानगीशिवाय त्यांचा आवाज कृत्रिमरीत्या तयार करून देणारी साधने त्यांच्या व्यक्तिमत्त्वाच्या हक्कांवर आक्रमण करतात, असे न्यायालयाने मानले. मात्र अशी प्रकरणे नामवंतांची असतात. आपल्या वस्तीतली निवेदिका उच्च न्यायालयात कशी जाणार? तिच्यासाठी तो एक पानाचा कागदच आधार.

मर्यादा आखून घेतलेली संमती मोठ्या व्यवहारातही दिसते. २०२१ च्या दिवाळीत कॅडबरीच्या एका जाहिरातीत शाहरुख खान वेगवेगळ्या छोट्या दुकानांची नावे घेताना ऐकू येत होते. ती नावे यंत्राने त्यांच्या आवाजात बोलवली होती. पण ते स्वतः त्या जाहिरातीत होते आणि यंत्राला बदलायला मुख्यतः दुकानाचा तपशीलच सोपवला होता, बाकी जाहिरात ठरलेली होती.

आता हयात नसलेल्या माणसाचे काय? ए. आर. रहमान यांनी २०२४ च्या 'लाल सलाम' या तमिळ चित्रपटातील एका गाण्यात दोन दिवंगत गायकांचे आवाज वापरले, तेव्हा कुटुंबीयांची परवानगी घेतल्याचे आणि मोबदला दिल्याचे जाहीर केले होते. आम्हाला मात्र दरवर्षी वेगळाच प्रश्न येतो: "जयंतीच्या जाहिरातीत खुद्द बाबासाहेबांचाच आवाज घातला तर?" आमचे उत्तर नाही असे आहे. बाबासाहेबांनी जे म्हटले नाही ते त्यांच्या तोंडी घालायचा अधिकार कोणत्याही मंडळाला नाही. त्यांनी लिहिलेले आणि बोललेले शब्द जपायला आपण एवढे झटतो, ते कशासाठी मग? शिवाय तो आवाज खराही होणार नाही. सर्वांच्या ओळखीचे ध्वनिमुद्रण म्हणजे १९५५ सालची बीबीसीची इंग्रजी मुलाखत. इंग्रजीत 'ळ' नाही. त्या मुलाखतीवरून यंत्र जे मराठी बोलेल, त्यातला उच्चार यंत्राचा असेल, बाबासाहेबांचा नव्हे.

खुलाशाचे काम सोपे आहे, पण जागा चुकते. आमच्या पहिल्या जाहिरातीखाली "आवाज कृत्रिम" असे लिहिलेले होते. व्हॉट्सॲपवर ऑडिओ पुढे गेला, ओळ मागे राहिली. रिक्षाच्या भोंग्यावर तर लिहिलेले दिसणार तरी कुठे? म्हणून खुलासा आवाजातच हवा, आणि सुरुवातीला हवा. फेब्रुवारी २०२६ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत जी दुरुस्ती झाली, तिचाही रोख हाच आहे: कृत्रिम ऑडिओवर खुलासा आधी ऐकू यावा, आणि मोठ्या समाजमाध्यमांनी मजकूर टाकणाऱ्याकडून तो कृत्रिम आहे का हे विचारून घ्यावे. नुसता खरखराट काढणे किंवा आवाज थोडा मोठा करणे यात येत नाही. आम्ही आता सुरुवातीला म्हणतो, "हा आवाज संगणकाने तयार केलेला आहे, ताईंच्या संमतीने." हे वाक्य माणसाच्या खऱ्या आवाजात रेकॉर्ड करतो. साधारण चार सेकंद जातात. अर्ध्या मिनिटात साठ-सत्तर शब्द बसतात, त्यातले आठ गेले. जाऊ द्यावेत. त्या बापाला ही चार सेकंदे ऐकू आली असती तर त्याने निदान ताईंना एक फोन केला असता.

राहिला उच्चार. यात आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला. यंत्र ताईंच्या गळ्याचा पोत उचलते, पण शब्द कसा म्हणायचा हे ते दुसरीकडून शिकलेले असते, आणि ते शिक्षण बरेचदा हिंदीच्या वळणाचे असते. आमच्या पहिल्या प्रतीत "चवदार तळे" मधला 'च' यंत्राने "चक्र" मधल्या 'च'सारखा म्हटला आणि तळ्याचे "तले" केले. "प्रज्ञा"चे "प्रग्या" झाले. महात्मा फुल्यांच्या नावातला 'फ' इंग्रजी 'फॅन'सारखा, ओठ-दात लावून आला. ऐकताच वस्तीतल्या एका आजीने विचारले, "ही बाई कुठली गं?" ताईंचाच आवाज होता!

मराठीत 'च', 'ज', 'झ' यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिपी ते दाखवत नाही. "चळवळ" आणि "चक्र", "माझा" आणि "माझी" यांत अक्षर तेच, उच्चार वेगळा. कधी लिहिलेला शब्दही तोच असतो: "जरा थांबा" मधला 'जरा' वेगळा आणि "जरा-मरण" मधला 'जरा' वेगळा. आपण हे न शिकता बोलतो, यंत्राला अंदाज करावा लागतो. म्हणून कोणताही आवाज पसंत करण्याआधी आम्ही त्याच्याकडून एक वाक्य म्हणवून घेतो: "बाबासाहेबांचा ग्रंथ, बाबासाहेबांची पुस्तके, चवदार तळ्याची चळवळ आणि धम्मचक्र." 'चा' आणि 'ची' सारखेच ऐकू आले तर तो आवाज मराठीला चालणारा नाही.

दुरुस्तीसाठी यंत्राला द्यायची संहिता वेगळी लिहितो. "चवदार" ऐवजी "त्सवदार", "प्रज्ञा" ऐवजी "प्रद्न्या". "सायं. ५.३०" असे लिहिले तर यंत्र "पाच पॉइंट तीन शून्य" म्हणते, म्हणून "संध्याकाळी साडेपाच" लिहायचे. "रु. १५०" ऐवजी "दीडशे रुपये". ही संहिता फक्त यंत्रासाठी असते. आमच्या एका मित्राने तीच पोस्टरवर छापायला दिली होती आणि "त्सवदार तळे" छापखान्यापर्यंत पोहोचले होते. सुदैवाने जुळारी जागा होता.

तीन प्रयत्नांत शब्द नीट आला नाही तर आम्ही वाक्य बदलतो. नाव असेल तर बदलता येत नाही. मग तेवढे नाव ताईंकडून म्हणून घेतो आणि मध्ये जोडतो. "फुले" असेच जोडले. शेवटची तपासणी साध्या मोबाईलच्या स्पीकरवर करतो, हेडफोनवर नाही, आणि ऐकणाऱ्याच्या हातात मजकूर देत नाही. मजकूर समोर असला की कान चुका सावरून घेतो.

ताईंच्या बोलण्यात वऱ्हाडी लकब आहे. ती मात्र यंत्राला कधीच जमली नाही. यंदाच्या जाहिरातीचे विचारायला गेलो तेव्हा ताईंचा घसा ठीक होता. त्यांनी संहिता हातात घेतली, दोन वाक्ये खोडली आणि मोबाईल समोर धरायला सांगितले.