‘सत्कार्य’ म्हणजे चांगलं काम नव्हे

हिंदीतून तत्त्वज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्याला सांख्य दर्शनात ‘सत्कार्यवाद’ भेटतो. रोजच्या हिंदीत, मराठीतही, सत्कार्य म्हणजे चांगलं काम. त्यामुळे हा सत्कर्मांचा उपदेश असावा, असा समज सहज होतो. इथे मात्र ‘सत्’ म्हणजे अस्तित्वात असलेलं आणि ‘कार्य’ म्हणजे कारणातून निर्माण होणारी वस्तू. तेल गाळण्यापूर्वीही तिळात असतंच, असं सांख्यांचं म्हणणं.

साध्या हिंदीत ते असं मांडता येईल: ‘कार्य उत्पन्न होने से पहले ही अपने कारण में मौजूद रहता है।’ यातले ‘पहले’ आणि ‘कारण में’ हे शब्द समासात कुठेच नाहीत, पण सिद्धांताचा सगळा भार त्यांच्यावरच आहे. संधी सोडवून ‘सत् कार्य वाद’ असं सुटं लिहिलं, तर गैरसमज जिथल्या तिथे राहतो. सिद्धांताचं नाव मात्र बदलू नये, कारण परीक्षेत आणि इतर ग्रंथांत ते तसंच येणार. एकदा उलगडून सांगितलं की पुढे ‘सत्कार्यवाद’ खुशाल वापरावा.

याहून लांब समास सदानंदांच्या ‘वेदान्तसार’मधल्या साधनचतुष्टयात सापडतो: इहामुत्रार्थफलभोगविराग. असा समास शेवटाकडून सोडवावा. विराग कशाबद्दल? भोगाबद्दल. भोग कशाचा? फळांचा. ती फळं कुठली? इथली आणि परलोकातली.

हीच उत्तरं क्रमाने मांडली की हिंदी वाक्य होतं, ‘इस लोक और परलोक के फलों के भोग से विराग’. व्याकरण अगदी बरोबर, पण लागोपाठच्या ‘के’मध्ये वाचणारा अडकतो. समास फुटला तरी नामांची रांग तशीच राहिली. तिच्यात क्रियापदं आणली की वाक्य चालू लागतं: ‘कर्मों के जो फल इस जीवन में या मृत्यु के बाद स्वर्ग में मिलते हैं, उन्हें भोगने की चाह न रहना।’ यातलं ‘कर्म’ पदरचं नाही. चंदन-फुलांचे इथले भोग कर्मजन्य म्हणून अनित्य आणि अमृतासारखे तिथले भोगही तसेच अनित्य, असं ग्रंथच समजावतो.

सोपं करण्याच्या घाईत अनेकदा ‘संसार से वैराग्य’ एवढंच लिहिलं जातं. तिथे ‘अमुत्र’ गळतं आणि अर्थ उलटू शकतो. स्वर्ग मिळावा म्हणून उपास-यज्ञ करणाराही या व्याख्येत बसतो. वेदान्ताला तर त्या इच्छेपासूनही सुटका हवी आहे. म्हणून पुनर्लेखन झालं की समासातल्या प्रत्येक पदावर बोट ठेवून त्याचा अर्थ नव्या वाक्यात शोधावा. मग विद्यार्थ्याला विचारावं, ‘स्वर्ग की इच्छा रखने वाला विरक्त है या नहीं?’ तो ‘है’ म्हणाला, तर वाक्य पुन्हा लिहायला घ्यावं.