कोणाचे चार, कोणाचे तीन

मार्च जवळ आला की पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत अप्रेझलची कुजबुज सुरू होते. 'तिच्या मॅनेजरचा हात सैल, आमचा कंजूष' ही तक्रार त्यात ठरलेली. ती अगदीच पोकळ नाही. स्कलन, माउंट आणि गॉफ या संशोधकांच्या 2000 सालच्या अभ्यासात रेटिंगमधल्या फरकाचा निम्म्याहून अधिक वाटा रेटिंग देणाऱ्याच्या स्वतःच्या धाटणीचा निघाला होता. त्यावर उपाय म्हणून अनेक कंपन्या 'कॅलिब्रेशन मीटिंग' घेतात. रेटिंग कर्मचाऱ्यांना कळवण्याआधी, सारखं काम करणाऱ्या टीमचे मॅनेजर एकत्र बसून ती ताडून पाहतात.

समजा, रेटिंग 1 ते 5 असं आहे. एका मॅनेजरने नऊपैकी सात जणांना 4 दिलेत, दुसऱ्याने आठपैकी एकालाच. दोघांची सरासरी सारखी करणं हा मीटिंगचा उद्देश नव्हे; पहिल्याची टीम खरोखर तगडी असू शकते. म्हणून एचआर काठावरची, एकाच ग्रेडची दोन माणसं चर्चेला घेते.

पहिला मॅनेजर सांगतो, "रात्री-अपरात्री थांबतो हो तो. फेब्रुवारीतलं रिलीज त्यानेच तारलं."

"आणि एप्रिल ते जानेवारी?" एचआर विचारते. त्यावर त्याच्याकडे फारसं काही नसतं.

दुसरा म्हणतो, "माझ्याकडच्या मुलीला मी 3 दिलेत. महिनाअखेरीच्या बिलिंग रिपोर्टमध्ये दोघांचे तीन-तीन दिवस जायचे. जूनमध्ये तिने तो आपोआप निघेल असं केलं."

"मग 3 का?"

"तिचं कामच आहे ना ते!"

इथे त्या ग्रेडची लेखी अपेक्षा उघडून वाचावी लागते. नेमून दिलेलं काम वेळेत पुरं करणं, एवढीच ती असते. रिपोर्टचं काम तिला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तिचे 4 होतात. त्याचं रिलीज मात्र नेमून दिलेलंच काम होतं, त्याला 3. कारण तिथल्या तिथे लिहून ठेवतात.

हे बिनसतं कुठे? जिभेवर साखर असलेल्या मॅनेजरची माणसं तरतात आणि मितभाषी मॅनेजरची बुडतात. सगळ्यात वरच्या साहेबांनी आधी मत दिलं, की बाकीचे माना डोलावतात. आणि 'अमुक टक्के लोकांना खालचं रेटिंग द्यायचंच' असा कोटा आधीच ठरलेला असेल, तर ती नुसती कापाकापी असते. मायक्रोसॉफ्टने अशी सक्तीची वाटणी 2013 मध्ये बंद केली.

मीटिंगनंतर बदललेली रेटिंग्ज चाळली तर हे पकडता येतं. सगळेच बदल खाली गेलेत का? एकाच मॅनेजरच्या माणसांना झळ बसली का? पुढे तोच मॅनेजर टीमला म्हणाला, "मी तर 4 दिले होते, वरच्यांनी कापले," तर त्याला ते कारण पटलेलंच नव्हतं, किंवा कारण सांगण्याचा अवघडपणा त्याला नको होता.