आधी बॅच नंबर, मग खुलासा

ऑक्टोबर २००३. दिवाळी तोंडावर आली असताना महाराष्ट्रात कॅडबरीच्या चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्या. दुकानदारांनी माल नीट साठवला नसावा, असं कंपनीचं म्हणणं होतं. अन्न व औषध प्रशासनाने बोट ठेवलं ते वेष्टनावर. दोष कोणाचा, यावरच वाद रंगला आणि विक्री कोसळली. पुढे कंपनीने विक्रेत्यांसाठी ‘प्रोजेक्ट विश्वास’ राबवला, २००४च्या सुरुवातीला नवं वेष्टन आणलं आणि अमिताभ बच्चन यांना जाहिरातीत उतरवलं.

घरगुती उद्योगाला एवढा खर्च कुठून झेपणार? त्याला पहिल्याच दिवशी नीट बोलावं लागतं.

समजा, भाजणीच्या पाकिटात अळी असल्याचा व्हिडिओ रात्री पसरला. ‘हा बदनामीचा डाव आहे’ हे वाक्य ओठांवर येतं, पण ते गिळायला हवं. आधी तक्रारदाराला फोन करून माफी मागावी. मग बॅच नंबर, पॅकिंगची तारीख, दुकानाचं नाव आणि पाकीट कधी फोडलं, हे विचारावं. व्हिडिओ काढून टाकण्याच्या बदल्यात फुकट माल देऊ नये. त्या बोलण्याचाच स्क्रीनशॉट दुसऱ्या दिवशी फिरतो. कारखान्यात त्या बॅचचं राखून ठेवलेलं पाकीट फोडून पाहावं आणि तोच माल गेलेल्या दुकानांना विक्री थांबवायला सांगावं.

पहिलं निवेदन चार ओळींचं पुरे: तक्रार मिळाली आहे, अमुक बॅचची विक्री थांबवली आहे, ते पाकीट घरी असेल तर खाऊ नका, दुकानात परत देऊन पैसे घ्या, पुढची माहिती उद्या संध्याकाळी पाचला देऊ. हाच मजकूर दुकानदारांच्या व्हॉट्सॲपवरही जावा. मालक एक आणि पुतण्या दुसरंच बोलला, तर लोक दोघांवरही विश्वास ठेवत नाहीत.

कारण मात्र तपासाशिवाय सांगू नये. धान्यावरच्या पतंगाची अळी प्लॅस्टिक कुरतडून आत शिरू शकते, म्हणून पाकिटाला छिद्र आहे का आणि ते कुठल्या बाजूने पाडलेलं दिसतं, हे भिंगाखाली पाहतात. भाजणी भाजताना अंडी मरतात. तेव्हा जिवंत अळी सापडली तर ती भाजल्यानंतरच आत आली असणार. पण ती दळताना शिरली, पॅकिंगला की दुकानात, हे तेवढ्यावरून कळत नाही. कीटक उष्णतेतून गेला होता का, हे प्रयोगशाळा विकरांच्या चाचणीने पाहते. नमुना जुना झाला की तो निकाल कच्चा ठरतो. म्हणून पाकीट तक्रारदारासमोर सीलबंद करून लगेच पाठवावं.

माल असुरक्षित वाटला, तर अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम २८नुसार तो तात्काळ परत मागवून प्रशासनाला कळवावं लागतं. त्यासाठी कुठल्या दुकानात कुठली बॅच गेली, याची वही हवी. ती नसेल तर एका बॅचऐवजी बाजारातला सगळाच माल उचलावा लागतो.